८४ टक्के

मार्चअखेर आमच्या भाषा विभागाचा वार्षिक आढावा असतो. मंद्रूपच्या उर्दू माध्यमाच्या शाळेत मी उर्दूबरोबर मराठीही शिकवतो, त्यामुळे सादरीकरण माझ्याकडे आलं. पहिल्याच स्लाइडवर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'चौथीतील ८४ टक्के मुले मराठी उतारा वाचतात.'

रात्री तीच स्लाइड बघताना मन खाऊ लागलं. पटावर मुलं ३४. चाचणीच्या दिवशी हजर ३१, त्यांतली २६ वाचणारी. गैरहजर तिघं हिशेबातून गायबच! शिवाय उतारा पाठ्यपुस्तकातला होता, वर्षभर घोकलेला. 'निपुण भारत'चं तिसरीचं लक्ष्यसुद्धा अनोळखी मजकूर वाचण्याचं आहे. ते शिक्षणाच्या माध्यमभाषेसाठी आहे, म्हणून त्यातली मिनिटाला ६० शब्दांची अट मी मराठीला लावली नाही. पण 'अनोळखी' ही अट टाळायला मला कुठलीच सबब नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून एकेका मुलाला नवा उतारा दिला. गैरहजर तिघांनाही गाठलं. ३४ पैकी १९ मुलं वाचू शकली. ८४ चे ५६ टक्के झाले.

मुख्याध्यापक म्हणाले, "सर, पालक येणार आहेत. एवढं उघडं कशाला करता?"

मी जुलैची नोंदवही त्यांच्यापुढे ठेवली. तेव्हाही उतारा अनोळखीच होता आणि वाचणारी मुलं होती ८. म्हणजे वर्षात ११ मुलं खरोखर पुढे आली. हे यश अभिमानाने सांगता येतं, कारण दोन्ही वेळा माप एकच होतं.

राहिलेल्या १५ जणांसाठी 'सराव कमी पडला' असं लिहून भागलं असतं. पण चुका मांडल्या तेव्हा ९ जण एकाच जागी अडखळत होते. 'दिवस'चा 'दवस', 'किती'चा 'कती'. उर्दूत 'किताब' लिहिताना जेर सहसा लिहीत नाहीत. मूल अंदाजाने वाचतं. मराठीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसते आणि उच्चार मात्र नंतर होतो. हा फरक मी वर्षभर समजावलाच नव्हता. उरलेल्या ६ जणांची मुळाक्षरंच कच्ची होती.

म्हणून शेवटच्या स्लाइडवर दोनच कामं ठेवली. ही मुलं पाचवीत गेली तरी रोज २० मिनिटं माझ्याकडेच: ९ जणांना वेलांटी, ६ जणांना मुळाक्षरं. आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा अनोळखी उतारा, संपूर्ण पटावर. कामापुढे माझं नाव लिहिलं. मुलांची नावं मात्र पडद्यावर आणली नाहीत.

सभा संपल्यावर एक अम्मी जवळ आल्या. "सर, हमारा बच्चा उन पंधरा में है क्या?"

"हो, आहे," मी म्हणालो आणि त्याची वही काढून कुठे अडतो ते दाखवलं. ८४ टक्क्यांची स्लाइड तशीच राहिली असती, तर हा प्रश्न त्यांना पडलाच नसता.