नऊ चिठ्ठ्या, एक माणूस

शाळा सकाळी सातला भरवावी का, यावर पालकांनी लिहून दिलेली मतं एका पानात मांडायचं काम व्यवस्थापकांनी माझ्याकडे दिलं. चिठ्ठ्या ६२. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं, ‘बहुसंख्य पालकांचा विरोध.’ मग नावं लावून पाहिली. एकाच अब्बांनी नऊ चिठ्ठ्या लिहिल्या होत्या! माणसं मोजली तेव्हा ४१ पालक निघाले: २० बाजूने, १८ विरोधात, तिघांचं ‘चालेल, पण...’

मग कारणं वेगळी केली. बाजूच्या बहुतेकांना मुलांना दुपारचं ऊन नको होतं. विरोधातल्या बहुतेकांची अडचण मकतबची. तो सुटतोच आठला. एका आईने एकटीनेच लिहिलं होतं की त्यांच्या वाडीतून पहिली एसटी साडेसातला निघते. मत एकच, पण वेळापत्रक पाहून पडताळता येणारं. त्याला स्वतंत्र ओळ दिली.

शेवटी दोन्हीकडच्या एकेका पालकाला त्यांची बाजू वाचून दाखवली. विरोधातले चाचा म्हणाले, “हां, हेच म्हणायचं होतं.” बाजूच्या खालांनी एक शब्द बदलायला लावला, तो बदलला.

माझं मत अहवालात नाही. मीही विरोधातच होते. म्हणूनच तो पहिला मसुदा मला इतक्या पटकन खरा वाटला होता.