साडेसात डॉलरचा शेअर आणि सव्वीस डॉलरचा माग

परवा भाच्याचा फोन. "मामा, एक शेअर बुक व्हॅल्यूच्या निम्म्या भावात मिळतोय. कंपनी उद्या बंद पडली तरी पैसे दुप्पट! घेऊ ना?" पठ्ठ्या दोन वर्षांची सगळी बचत घालायला निघाला होता. फोनवर सगळं सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

बुक व्हॅल्यू म्हणजे ताळेबंदातल्या मालमत्तेतून देणी वजा करायची आणि उरेल त्याला शेअर्सच्या संख्येने भागायचं. बाजारभावाला त्या आकड्याने भागलं की प्राइस-टू-बुक. इथवर शाळेतलं गणित. घोळ आहे तो 'मालमत्ता' या शब्दात. यंत्र घेतलं त्या किमतीतून दरवर्षीचा घसारा वजा होऊन जे उरतं, ते ताळेबंदात दिसतं. ते यंत्र आज कोणी विकत घेईल का, याच्याशी त्या आकड्याचा काही संबंध नाही.

वॉरन बफेटने डिसेंबर १९६२ मध्ये बर्कशायर हॅथवे या कापडगिरणीचे पहिले शेअर्स साडेसात डॉलरला घेतले. बुक व्हॅल्यू होती २०.२० डॉलर. म्हणजे भाच्याच्या शेअरपेक्षाही स्वस्त! पुढे १९८५ मध्ये कापडाचा धंदा बंद केला आणि यंत्रं विकायला काढली. मूळ खर्च सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर, घसारा जाऊन पुस्तकात ८ लाख ६६ हजार. हातात आले १ लाख ६३ हजार, आणि विक्रीचा खर्च जाता तेही उरले नाहीत. १९८१ मध्ये पाच हजार डॉलरला एक असे घेतलेले माग पन्नास डॉलरलाही कोणी घेईना. शेवटी सव्वीस डॉलरला भंगारात गेले. उचलून न्यायचा खर्चच त्याहून जास्त!

कारण साधं आहे. ज्या धंद्यात कोणालाच पैसे मिळत नाहीत, त्या धंद्याची यंत्रं घेणार कोण?

याच माणसाच्या ताब्यातल्या कंपनीने १९७२ मध्ये सीज कँडीज २.५ कोटी डॉलरला घेतली. ठोस मालमत्ता जेमतेम ८० लाखांची, म्हणजे तिप्पट भाव. पण त्या ८० लाखांवर करानंतर वर्षाला सुमारे २० लाख मिळत होते, शेकडा पंचवीस. गिऱ्हाईक ज्या नावासाठी चार पैसे जास्त मोजत होतं, ते नाव ताळेबंदात कुठेच नव्हतं.

म्हणून मी आधी भांडवलावरचा परतावा बघतो, तोही पाच-सात वर्षांचा, आणि मगच प्राइस-टू-बुक. परतावा बँकेच्या व्याजाहूनही कमी असेल, तर निम्मा भाव हा बहुतेक वेळा योग्यच भाव असतो. बँकांच्या बाबतीत हा आकडा जास्त कामाचा, कारण त्यांची मालमत्ता म्हणजे मुख्यतः कर्जं आणि रोखे. अर्थात, बुडीत कर्जं प्रामाणिकपणे दाखवली असतील तर.

उलटंही घडतं. आपल्या लालबाग-परळच्या गिरण्यांच्या जमिनी हिशेबात जुन्यापुराण्या खरेदीभावाने पडून होत्या. तिथे बुक व्हॅल्यू फारच कमी बोलत होती. पण नुसती जमीन आहे म्हणून शेअर घेणाऱ्याच्या पुढे रांगेत बँका होत्या, कामगारांची देणी होती, सरकारी परवानग्या होत्या.