दहा बोटांचे ठसे, दोनशे केबी

नीटच्या अर्जात फोटो आणि सहीसोबत दोन्ही हातांच्या दहा बोटांचे ठसेही चढवावे लागतात. २०२४ च्या माहितीपुस्तिकेत ठशांची फाइल जेपीजी आणि १० ते २०० केबीच्या आत हवी, असे होते. हे आकडे बदलू शकतात, म्हणून त्या त्या वर्षीची पुस्तिका आधी पाहावी.

आमच्या मुलीने अर्ज भरला तेव्हा कोऱ्या ए-४ कागदावर वरच्या अर्ध्या भागात दोन ओळींत ठसे घेतले. मोबाइलच्या स्कॅनर अ‍ॅपने त्याची पीडीएफ केली. ती दीड एमबीच्या आसपास झाली. जुन्या नाशकातल्या एका दुकानात तिची जेपीजी करून मिळाली. आकार ६० केबी, म्हणजे नियमात बसणारा. मुलीने घरी फाइल मोठी करून पाहिली आणि म्हणाली, “अब्बू, हे ठसे नाहीत, शाईचे डाग आहेत.” खरेच, एकाही बोटाची रेषा वेगळी दिसत नव्हती.

असे का होते, ते आम्ही मोठ्या मुलाला घेऊन समजून घेतले. पीडीएफचे पान जेपीजी करताना ते बारीक ठिपक्यांत मोडले जाते. एका इंचात किती ठिपके, याला डीपीआय म्हणतात. बोटावरच्या दोन शेजारच्या रेषांत साधारण अर्धा मिलिमीटर अंतर असते. २०० डीपीआयला अर्ध्या मिलिमीटरमध्ये चार ठिपके मावतात, त्यामुळे रेषा आणि मधली फट वेगळी राहते. १०० डीपीआयला दोनच ठिपके उरतात आणि रेषा एकमेकींत मिसळतात. दुकानात अख्खे पान लहान केले होते, म्हणून डाग उरले.

मग पान २०० डीपीआयलाच ठेवले तर? ए-४ पानाचे सुमारे ३९ लाख ठिपके होतात. त्यातले बहुतेक कोऱ्या कागदाचे. कागद डोळ्यांना पांढरा दिसला, तरी मोबाइलने काढलेल्या चित्रात सावली आणि खरखर असते, आणि तीही केबी खाते. म्हणून आधी कापायचे. आमचे सगळे ठसे १८ सेंटिमीटर रुंद आणि १२ सेंटिमीटर उंच चौकटीत बसत होते. ती चौकट १४१७ बाय ९४५ ठिपक्यांची झाली, म्हणजे सुमारे १३ लाख. रेषांना धक्का न लावता दोन तृतीयांश ओझे उतरले.

गुणवत्तेचा आकडा सगळ्यांत शेवटी कमी करायचा. जेपीजी चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि गुणवत्ता उतरेल तसा प्रत्येक चौकोनातला बारीक तपशील टाकून देते. ठशात तर सगळा तपशीलच बारीक.

मुलाच्या लॅपटॉपवर पॉपलर नावाचे मोफत साधन होते. त्यात हे सारे एका ओळीत झाले:

```
pdftoppm -f 1 -l 1 -r 200 -x 118 -y 300 -W 1417 -H 945 -jpeg -jpegopt quality=75 -singlefile thase.pdf thase
```

यात `-r` म्हणजे डीपीआय. `-x` आणि `-y` हे डावीकडून व वरून किती ठिपके सोडायचे ते सांगतात, तर `-W` आणि `-H` म्हणजे चौकटीची रुंदी व उंची. `-f 1 -l 1` म्हणजे फक्त पहिले पान. गुणवत्ता ९० ठेवली तेव्हा फाइल ३१२ केबी झाली, ७५ ला १८६. मोबाइलवर करायचे असेल तरी क्रम हाच: आधी कापणे, मग रुंदी ठरवणे, शेवटी गुणवत्ता.

प्रत्येक प्रयत्न मूळ पीडीएफपासून करावा. तयार जेपीजी पुन्हा पुन्हा दाबली, तर दर वेळी तपशील आणखी झिजतो. फाइल अगदी २०० वर नेऊ नये, कारण केबी कुठे १००० बाइटचा धरतात, कुठे १०२४ चा. १९० च्या आत राहिले की हा प्रश्न येत नाही. काहीजण `.pdf` खोडून नुसते `.jpg` लिहितात. त्याने फाइल बदलत नाही. नोटपॅडमध्ये उघडली की सुरुवातीलाच `%PDF` दिसते.

फाइल चढवण्याआधी ती पूर्ण आकारात उघडून एका बोटावर नजर ठेवावी. रेषा मोजता आल्या तर ठसा चालेल. पोर्टल केबी मोजते, रेषा मोजत नाही. ते काम घरच्यांचे.