दीड सुताचा प्रश्न

आमचे थोरले बंधू अण्णा आणि वहिनी यांच्या विवाहास गेल्या वर्षी पन्नास वर्षे पूर्ण झाली. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीत आयुष्य घालविलेल्या या दांपत्याला भेट काय द्यावी, यावर घरात पुष्कळ चर्चा झाली. सोन्याला वहिनींनी साफ नकार दिला. शेवटी जुन्या छायाचित्रांची एक मोठी चौकट करून द्यावी असे ठरले आणि 'काकांना वेळ आहे' या कारणास्तव ते काम माझ्याकडे आले. बँकेत पस्तीस वर्षे रकाने भरलेल्या माणसाला फोटो रकान्यात बसविणे अवघड का जावे, असे मलाही वाटले. ते अवघड गेले, म्हणूनच हे लिहीत आहे.

घरोघरच्या कपाटांतून आणि मोबाइलमधून बेचाळीस फोटो जमले. कोणाचाही वगळायचा नाही म्हणून मी चोवीस इंच रुंद आणि अठरा इंच उंच अशा कागदावर सात रकाने व सहा ओळी आखल्या आणि बेचाळीसच्या बेचाळीस बसविले. संगणकाच्या पडद्यावर ते भरगच्च आणि छान दिसले. पण लग्नाच्या समूहचित्राचा तुकडा मी खऱ्या मापात साध्या कागदावर छापून भिंतीवर चिकटविला व सहा फुटांवर उभा राहिलो, तेव्हा चूक कळली. मूळ फोटोत दीड सूत असलेला चेहरा तीन इंचांच्या घरात एक सूतही उरला नव्हता. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे सुतारकामाशी संबंध आलेल्या वाचकांस सांगावयास नको.) पंचाहत्तरीच्या डोळ्यांना त्यात नवरा कोणता आणि नवरी कोणती हेही ओळखता आले नसते. पडद्यावर आपण फोटो हवा तितका मोठा करून पाहतो. भिंतीवर ती सोय नसते. म्हणून आखणी पडद्यावर केली तरी तिची परीक्षा कागदावरच करावी.

मग मी फोटो कमी करण्यास बसलो. एका प्रसंगाचा एकच फोटो ठेवला. त्याच वेळी घरातील सर्व माणसांची नावे एका वहीत लिहिली आणि प्रत्येक जण निदान एका फोटोत ओळखू येईल असा आहे ना, हे नावापुढे खूण करून ताळ्यास लावले. एकत्र कुटुंबात हा ताळा फार महत्त्वाचा. एखादा नातू राहून गेला तर पुढील दहा वर्षे ती गोष्ट निघत राहते. असे करता करता पंधरा फोटो उरले.

आता जाळी. कागद तोच ठेवला आणि साडेतीन इंचांच्या चौरस घरांचे सहा रकाने व चार ओळी आखल्या. दोन घरांमध्ये सर्वत्र पाव इंच, म्हणजे दोन सूत जागा सोडली. हिशेब असा झाला: सहा घरांचे एकवीस इंच, मधल्या पाच फटींचे सव्वा इंच, मिळून सव्वाबावीस. उरलेले पावणेदोन इंच दोन्ही बाजूंस विभागले, तेव्हा प्रत्येकी सात सूत समास मिळाला. उंचीत चार घरांचे चौदा इंच व तीन फटींचा पाऊण इंच. वरचा समासही सात सूत ठेवला आणि खाली दोन इंच तीन सूत उरले, तेथे नावे व दोन्ही साले यांची एक ओळ आली. समास फटीपेक्षा बराच मोठा असावा लागतो, कारण फ्रेमची पट्टी चारही बाजूंनी कागदाचा सुमारे पाव इंच गिळते. बाहेरचा समास फटीइतकाच ठेवला असता तर कडेचे फोटो थेट लाकडाला टेकले असते.

सर्व फोटो सारख्या मापाचे ठेवले की नजर कोठेच थांबत नाही. म्हणून काही घरे जोडून मोठी केली. येथे माझ्याकडून एक चूक झाली आणि ती बहुतेकांकडून होत असावी. तीन घरे रुंद व दोन घरे उंच अशी जागा साडेदहा गुणिले सात इंच असे समजून मी मोठा फोटो बसविला आणि त्याच्या कडा वरच्या-खालच्या घरांशी जुळेनात. घरे जोडली की मधल्या फटीही त्या फोटोच्या पोटात जातात, हे मी विसरलो होतो. खरे माप रुंदीला अकरा इंच व उंचीला सव्वासात इंच. हे ध्यानात येताच सर्व रेषा एका ओळंब्यात आल्या. शेवटी एक मोठा फोटो, दोन आडवे, दोन उभे आणि दहा चौरस असे पंधरा फोटो चोवीस घरांत बरोबर बसले.

फोटो कोणत्या घरात जाईल, हे त्यातील मजकुरावरून ठरवावे. आडवे घर उंचीच्या दुप्पट रुंद होते. मोबाइलचा नेहमीचा आडवा फोटो त्यात घातला की उंचीचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग कापला जातो. नातवाच्या बारशाची पंगत त्यात सहज बसली, कारण वर मांडवाचे कापड आणि खाली फरशी एवढेच गेले. उभ्या घरात वहिनींचा जुन्या वाड्याच्या दारातील फोटो गेला. कापताना मी दोन पथ्ये पाळली. मनगट, गुडघा किंवा घोटा येथे कडा येऊ दिली नाही, कारण सांध्यावर कापलेला अवयव तुटल्यासारखा दिसतो. कापायचेच तर दंडाच्या किंवा मांडीच्या मध्यावर कापावे. आणि माणूस ज्या बाजूस पाहत असेल त्या बाजूस थोडी मोकळी जागा ठेवली. मोबाइलवर आलेले फोटो सोळाशे गुणिले बाराशे बिंदूंचे होते. साडेतीन इंचांच्या घरात ते स्वच्छ छापले जातात, पण अकरा इंचांवर तेच फोटो मऊ व पुसट होतात. म्हणून मोठी जागा लग्नाच्या जुन्या समूहचित्रालाच दिली. त्याची मूळ प्रत पोस्टकार्ड मापाची, साडेपाच गुणिले साडेतीन इंच. ती सहाशे डीपीआयवर स्कॅन करून घेतली. दुपटीहून किंचित मोठी केल्यावरही चेहरे तीन सूत व रेखीव आले.

आणि येथेच मी अडकलो.

साडेतीन इंच उंचीच्या त्या फोटोची रुंदी आमच्या मोठ्या घराच्या प्रमाणात आणावयाची तर साडेपाच इंचांतून दीड सूत जाणे भाग होते. संगणक अशा वेळी फोटो मध्यावर धरून दोन्ही बाजूंनी सारखे कापतो. त्याने डावीउजवीकडून पाऊण-पाऊण सूत कापले. डावीकडे मांडवाचा खांब होता, तेथे काहीच बिघडले नाही. उजव्या कडेला मात्र एक वीस वर्षांचा तरुण पंगतीतून धावत येऊन फोटोत घुसला होता. त्याचा अर्धा चेहरा गेला.

ते आमचे मधले बंधू, बापू. १९९६ साली दुकानाच्या वाटण्या झाल्या, तेव्हापासून त्यांचे व अण्णांचे बोलणे नाही. लग्नकार्यात समोरासमोर आले तरी दोघेही पानावरून नजर उचलत नाहीत. माझ्या ताळ्याच्या वहीत त्यांचे नाव मी लिहिलेच नव्हते, हे मला त्या रात्री कळले.

पुतण्या शेजारी बसला होता. तो म्हणाला, "काका, अर्धा चेहरा वाईट दिसतो. उजवीकडून अजून कापा. नाहीतर फक्त अण्णा-वहिनी ठेवा, चौरस करून. तेवढेच पुरे."

त्याचे म्हणणे आखणीच्या दृष्टीने चुकीचे नव्हते. दोघांचे चेहरे अधिक मोठे झाले असते. पण मी म्हणालो, "अरे, हा फोटो त्या दिवसाचा आहे. त्या दिवशी बापू होते. त्या पंगतीला त्यांनीच वाढले होते."

"अण्णांना चालेल का?"

"ते मला ठाऊक नाही," मी म्हणालो, आणि ते खरे होते.

उपाय अगदी साधा होता. फोटो चौकटीच्या आत धरून उजवीकडची कडा पूर्ण दिसेपर्यंत सरकविला आणि सगळे दीड सूत डावीकडच्या खांबातून घेतले. खांब थोडा बारीक झाला, एवढेच. अकराच्या अकरा माणसे फोटोत राहिली. वहीत बापूंचे नाव लिहून पुढे खूण केली.

कार्यक्रमाच्या दिवशी कागद सोडविल्यावर अण्णांनी चष्मा पुसला आणि चौकट मांडीवर घेतली. वहिनी शेजारी बसून मोठ्या फोटोवर बोट फिरवीत डावीकडून एकेक नाव घेऊ लागल्या. सासूबाई, मामंजी, आत्याबाई, खाली मांडी घालून बसलेलो मी. बोट उजव्या कडेला आले. "आणि हे बापूभावजी," त्या नेहमीच्या स्वरात म्हणाल्या. अण्णा काही बोलले नाहीत. मात्र त्यांनी चौकट पुढे सरकविली नाही. बराच वेळ ते तेवढ्याच जागी पाहत होते. मग म्हणाले, "याच्या हातात वाढण्याचं पळं दिसतंय बघ."

मी स्कॅन कितीतरी वेळा मोठे करून पाहिले होते. ते पळे मला दिसले नव्हते.

चौकट आता त्यांच्या बैठकीच्या खोलीत, खिडकीसमोर नव्हे तर आडव्या भिंतीवर आहे, म्हणजे काचेवर उजेड चमकत नाही आणि उन्हाने रंगही उडत नाहीत. बापूंकडे त्या फोटोची एक प्रत मी स्वतः नेऊन दिली. पोस्टकार्डाच्याच मापाची, काहीही न कापता.