स्वयंपाकाच्या मावशींचा पगार कसा ठरवावा?



आमच्या माकणीत स्वयंपाकाला बाई ठेवायची म्हटलं की पहिला प्रश्न असतो, "बाकीचे काय देतात?" मीही गल्लीत विचारलं. दोन वेळच्या स्वयंपाकाला तीन हजार, असं उत्तर मिळालं. पण "दोन वेळचा स्वयंपाक" म्हणजे नक्की किती काम, हे कुणी सांगत नाही. कुठे दोन माणसं असतात, कुठे सात. आणि आपल्या जैन घरात तर पाणी गाळणं, जिवाणी नीट पोहोचवणं, भाजी पान-पान बघून शोधणं, हेही त्यातच धरलेलं असतं.

म्हणून मी आठवडाभर घड्याळ लावून पाहिलं. आम्ही पाच माणसं. सकाळी पाणी, वरण-भात, भाजी, पोळ्या आणि ओटा आवरणं यांना दोन तास लागले. संध्याकाळच्या भाकरी-भाजीला दीड तास. म्हणजे रोजचे साडेतीन तास, महिन्याचे एकशे पाच. तीन हजाराला त्यांनी भागलं तर तासाला साडेअठ्ठावीस रुपये पडतात.

हे कमी की बरोबर, ते कशाशी ताडून बघायचं? महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी 2008 चा कायदा आहे. त्यातून नोंदणी आणि कल्याण मंडळ आलं, पण महिन्याचा पगार किती असावा, ते त्यात लिहिलेलं नाही. मग मी रोजगार हमीचा दर धरला. 2025-26 साठी तो महाराष्ट्रात दिवसाला 312 रुपये होता. आठ तासांनी भागलं की तासाला 39. खुरपणीची हजेरी हंगामाप्रमाणे वर-खाली होते, पण याच्या खाली आपण जाऊ नये, एवढं तरी यातून कळतं. साडेतीन तासांचे झाले साडेछत्तीस वर शंभर, आणि तीस दिवसांचे 4,095. मी 4,100 धरले. महिन्याच्या चार सुट्ट्या यातच, म्हणजे त्या दिवसांचे पैसे कापायचे नाहीत. चहा-नाश्ता, जुनं पातळ हे पगारात मोजायचं नाही. पाहुणे आले किंवा वर्षाचं धान्य निवडायला बसवलं, तर त्या तासांचे वेगळे.

इथपर्यंतचा हिशोब सोपा आहे. खरी मेख संध्याकाळच्या वेळेत आहे.

आपण सूर्यास्ताआधी जेवतो. जुलैत इथे सूर्य सातच्या सुमारास मावळतो, तेव्हा मावशी पाचला आल्या तरी साडेसहाला ताटं होतात. पण डिसेंबरात सूर्यास्त पावणेसहाला. सव्वापाचला वाढायचं तर त्यांना पावणेचारला यावं लागतं. नेमके ऑक्टोबरपासून सोयाबीनची काढणी, मग ज्वारी-हरभऱ्याची खुरपणी, असे रानातल्या कामाचे दिवस. सकाळचा स्वयंपाक उरकून दहाला रानात गेलेली बाई साडेतीनला उठून आली, तर मालक तिला अर्धीच हजेरी देतो. 312 च्या हिशोबाने 156 रुपये बुडाले. आमच्या संध्याकाळच्या दीड तासाचे मिळाले साडेअठ्ठावन्न. म्हणजे आमच्याकडे येऊन तिचं दिवसाला जवळजवळ शंभर रुपयांचं नुकसान!

रात्रीभोजनत्याग हा नियम आपण घेतलाय, मावशींनी नाही. त्याची किंमत त्यांच्या हजेरीतून वसूल होत असेल, तर ते बरं नव्हे. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत अतिभारारोपण सांगितलं आहे, झेपेल त्याहून जास्त ओझं लादणं. आपण तो बैलगाडीच्या गोष्टीपुरता वाचतो.

मावशींशी बसून आम्ही असं ठरवलं. ऑक्टोबर ते जानेवारी त्यांना रानात जायचं असेल त्या दिवशी त्यांनी आदल्या संध्याकाळी सांगायचं आणि दुसऱ्या दिवशी फक्त सकाळी यायचं. संध्याकाळच्या भाकरी मी थापते. महिन्याला असे दहा दिवस पगार न कापता. त्याउपर झाले तर फक्त त्या दीड तासाचे साडेअठ्ठावन्न वजा. उलट, एखाद्या पारण्याला किंवा पाहुण्यांसाठी आम्हीच त्यांना रानातून बोलावलं, तर बुडालेल्या अर्ध्या हजेरीचे 156 त्या दिवशीच हातात द्यायचे.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "तू दर वाढवून ठेवलास, आता आमच्याही बाया मागतील." मी त्यांना म्हटलं, "काकू, आधी तास मोजा." त्यांच्याकडे दोघंच माणसं, संध्याकाळी मुगाची खिचडी. मोजले तर दोन तास भरले. 39 नं त्याचे महिन्याचे होतात 2,340. त्या देतात अडीच हजार. त्यांचा दर आधीच ठीक होता. फक्त डिसेंबरातली पावणेचारची वेळ त्यांनाही मावशींशी बोलून घ्यावी लागेल.

रोजगार हमीचा नवा दर जाहीर होईल, तेव्हा 39 च्या जागी नवा आकडा घालायचा आणि गुणाकार पुन्हा करायचा. वाढ मागायला मावशींना दारात उभं राहावं लागत नाही.