पहिला दिवस की शेवटचा?

आषाढ शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे कालिदास दिनाला, आमचे बाबा सकाळी गच्चीवर जातात आणि ‘मेघदूता’तला दुसरा श्लोक मोठ्याने म्हणतात. ढग असोत नसोत. नागपूरच्या एका शाळेत त्यांनी संस्कृत शिकवलं. निवृत्तीनंतर हा श्लोक फॅमिली ग्रुपवर व्हॉइस नोट म्हणूनही येऊ लागला. माझं लहानपण या एका श्लोकाच्या आवाजात गेलंय. त्यामुळे ‘मेघदूत’ मराठीत आणायला घेतलं तेव्हा वाटलं होतं, बाकी कुठे अडलं तरी इथे काही अडायचं नाही.

नेमकी तिथेच पाच महिने अडले.

श्लोकात काय आहे ते थोडक्यात सांगते. कुबेराच्या शापामुळे रामगिरीवर एकटा राहिलेला यक्ष. विरहाने इतका वाळलेला, की हातातलं सोन्याचं कडं गळून पडलंय. आषाढातल्या एका दिवशी त्याला डोंगराच्या कड्याला बिलगलेला ढग दिसतो, तटाला धडका देणाऱ्या हत्तीसारखा. भांडण आहे ते ‘आषाढातल्या कुठल्या दिवशी’ याचं. आपल्याला पाठ असलेला शब्द आहे ‘प्रथमदिवसे’, पहिल्या दिवशी. दुसरा एक पाठ आहे ‘प्रशमदिवसे’. प्रशम म्हणजे शमणं, संपणं. म्हणजे आषाढाच्या शेवटच्या दिवशी. फरक एका अक्षराचा, थ की श, आणि अर्थात जवळजवळ महिन्याचं अंतर.

मला हे आधी माहीतच नव्हतं. कॉलेजात मो. रा. काळे यांची आवृत्ती होती, तिच्यात मल्लिनाथाची टीका. मी ‘पहिल्या दिवशी’ असं लिहून पुढे गेले. भाषांतर वाचून देणाऱ्या मैत्रिणीने मार्जिनमध्ये साधा प्रश्न लिहिला : “दुसऱ्या श्लोकात आषाढाचा पहिला दिवस, चौथ्यात श्रावण तोंडावर आलाय म्हणून यक्ष घाबरलाय. महिना आहे की मध्ये!” चौथ्या श्लोकात ‘नभस्’ म्हणजे श्रावण जवळ आल्याचा उल्लेख खरोखरच आहे. मी तो भाषांतरित केला होता, आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मल्लिनाथाची टीका पुन्हा उघडली, तर त्याने हा प्रश्न चौदाव्या-पंधराव्या शतकातच हाताळलेला. त्याचं म्हणणं असं : श्रावण जवळ आहे हे जुळवण्यासाठी काही लोक ‘प्रशम’ असा पाठ कल्पतात, त्याची गरज नाही. आषाढाला लागून श्रावण येतो, एवढी जवळीक पुरेशी आहे. म्हणजे त्याच्या मते मूळ शब्द ‘प्रथम’, आणि ‘प्रशम’ ही कुणा हुशार वाचकाची दुरुस्ती.

मग वल्लभदेव काढला. हा काश्मीरचा, दहाव्या शतकातला, मल्लिनाथाच्या चारेकशे वर्षं आधीचा. त्याची टीका हुल्त्झ्श या जर्मन पंडिताने १९११मध्ये लंडनहून छापली. तिचं स्कॅन फोनवर वाचता येतं. तो ‘प्रशम’ घेतो, त्याचा अर्थ समाप्तीचा दिवस असा देतो, आणि वर सांगतो की श आणि थ ही अक्षरं दिसायला सारखी असल्यामुळे फसून लोक ‘प्रथम’ वाचतात. त्याच्या मते ‘प्रशम’ मूळ, आणि ‘प्रथम’ ही नजरचूक.

दोघेही दुसऱ्याचा पाठ कसा जन्मला हे सांगतायत, आणि दोघांचं सांगणं पटण्यासारखं आहे.

अशा वेळी पहिला मोह होतो मतमोजणीचा. ‘प्रथम’वाल्या प्रती जास्त, म्हणून ‘प्रथम’. पण एका पोथीवरून वीस नकला झाल्या तर ती वीस मतं होत नाहीत, एकच राहतं. दुसरा मोह वृत्ताला विचारण्याचा. मंदाक्रांतेत पहिल्या चार गुरूंनंतर पाच लघू आणि एक गुरू येतो. ‘प्रथमदिवसे’ त्यात चपखल बसतं, ‘प्रशमदिवसे’ही तितकंच. वृत्त गप्प.

टीकाकार मात्र नुसत्या पोथीपेक्षा जास्त उपयोगी पडतो. नक्कल करणारा मूळ श्लोकातला अनोळखी शब्द बदलून ओळखीचा लिहू शकतो. पण टीकेत त्या शब्दाचा अर्थ दिलेला असेल, आणि त्यावर वाद घातलेला असेल, तर तो शब्द जागेवर खिळला जातो. वल्लभदेवाने श आणि थ अशी अक्षरांची चर्चाच केल्यामुळे त्याच्यासमोर कुठला शब्द होता याची शंका उरत नाही. दहाव्या शतकात काश्मीरमध्ये दोन्ही पाठ माहीत होते, एवढं पक्कं. कालिदासाने काय लिहिलं, ते अजून नाही.

आणखी एक जुना निकष आहे : दोनांपैकी अवघड शब्द बहुधा मूळचा, कारण लिहिणारा अवघडाचं सोपं करतो, उलट सहसा करत नाही. ‘प्रथमदिवस’ कुणालाही सुचेल. ‘प्रशमदिवस’ कुणाला सुचेल? पण मल्लिनाथाचा आक्षेप इथेच बसतो. ज्याला श्रावणाची अडचण दिसली आहे आणि ती सोडवायची आहे, त्याला सुचेल. शिवाय महिन्याच्या शेवटासाठी ‘प्रशम’ हा काही रुळलेला शब्द नाही.

इथवर येऊन मी एक लबाडी केली. ‘आषाढातल्या एका दिवशी’ असं लिहिलं. ओळ छान वाहत होती. बाबांना फोनवर वाचून दाखवली.

“हे कुठल्या पोथीत आहे?” ते म्हणाले.

“कुठल्याच नाही. पण दोन्ही पाठांना चालतं ना बाबा.”

“मग तू तिसरा पाठ तयार केलास. तोही न सांगता.”

मी चिडून म्हटलं, “मग तुम्हीच सांगा, पहिला की शेवटचा? शेवटचा निघाला तर तुमच्या गच्चीवरच्या कार्यक्रमाचं काय?”

ते हसले नाहीत. म्हणाले, “शेवटी चार महिने म्हटलंय ना, ते मोजलंस का?”

काव्याच्या अखेरीस यक्ष बायकोला निरोप देतो, की विष्णू शेषशय्येवरून उठला की माझा शाप संपेल, तोवरचे चार महिने काढ. विष्णू उठतो कार्तिक शुद्ध एकादशीला. म्हणजे शेवटची तारीख पक्की आहे. तिथून मागे मोजायचं.

मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून बसले. आषाढ शुद्ध प्रतिपदा ते कार्तिक शुद्ध एकादशी : चार महिने दहा दिवस. दहा दिवस जास्त. मल्लिनाथालाही हे दहा दिवस दिसलेत. ते धरायचे नाहीत, असं तो म्हणतो. आता आषाढ अमावास्येपासून मोजलं : तीन महिने अकरा दिवस. जवळजवळ वीस दिवस कमी. म्हणजे ‘प्रथम’ जिंकला. मी खुशीत बाबांना कळवलं.

त्यांचा उलट मेसेज आला : “शेजारच्यांचा श्रावण कधी लागतो?”

आमच्या शेजारी मध्य प्रदेशातून आलेलं कुटुंब राहतं. त्यांचे श्रावणी सोमवार आमच्या पंधरा दिवस आधी सुरू होतात. लहानपणी मला ती त्यांची चूक वाटायची. आपला महिना अमावास्येला संपतो, म्हणजे अमान्त. त्यांचा पौर्णिमेला संपतो, पौर्णिमान्त. मी अख्खा हिशोब माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरने केला होता.

पुन्हा मोजलं. पौर्णिमान्त आषाढाचा शेवटचा दिवस म्हणजे आपली गुरुपौर्णिमा. तिथून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंत तीन महिने सव्वीस दिवस. चार महिन्यांना फक्त चार दिवस कमी, आणि दुसऱ्याच दिवशी श्रावण. पौर्णिमान्त आषाढाच्या पहिल्या दिवसापासून मोजलं तर चार महिने पंचवीस दिवस होतात, ते चार म्हणणं कठीण.

म्हणजे दक्षिणेतल्या मल्लिनाथाच्या पंचांगात ‘प्रथम’ जास्त जुळतो आणि उत्तरेकडच्या पंचांगात ‘प्रशम’. प्रश्न श आणि थचा राहिला नाही, कालिदासाच्या महिन्याचा झाला. उज्जयिनीवर त्याचं प्रेम काव्यात उघड दिसतं आणि उत्तरेत पौर्णिमान्त गणना चालत आलेली आहे. याला पुरावा म्हणता येणार नाही, कल म्हणता येईल. त्या कलाने मी ‘प्रशम’ घेतला.

आता लिहायचं कसं? चिकित्सक आवृत्तीत संपादक स्वीकारलेला शब्द लिहितो, मग एक चौकोनी कंस, मग नाकारलेला पाठ आणि तो कुणाचा याची खूण. त्याला एवढं चालतं, कारण त्याचा वाचक मूळ श्लोक समोर ठेवून बसलेला असतो. माझ्या वाचकासमोर फक्त माझं मराठी असणार. नुसतं ‘पाठभेद आहे’ असं लिहून त्याला काहीच कळणार नाही. त्याला चार गोष्टी हव्यात : मी कुठला शब्द घेतला आणि कुणाकडून, कुठला सोडला, का, आणि माझ्याविरुद्धचा सर्वांत बळकट मुद्दा कोणता. पाचवी गोष्ट मी जवळजवळ विसरले होते. बाकी सगळं भाषांतर मल्लिनाथाच्या पाठावर आहे. एका शब्दासाठी मी त्याला सोडतेय हे न सांगितलं, तर दोन परंपरांची खिचडी होते, आणि मूळ ताडून बघणारा गोंधळतो.

टीप अशी झाली :

‘श्लोक २, “आषाढाच्या शेवटच्या दिवशी” : मूळ पाठ “प्रशमदिवसे”, वल्लभदेवाच्या टीकेनुसार (हुल्त्झ्श, १९११). मल्लिनाथाचा आणि सर्वपरिचित पाठ “प्रथमदिवसे”, पहिल्या दिवशी. हे भाषांतर एरवी मल्लिनाथाच्या पाठावर आहे. इथे तो सोडला, कारण श्लोक ४मधला जवळ आलेला श्रावण आणि शेवटी सांगितलेले चार महिने, दोन्ही पौर्णिमान्त गणनेत “प्रशम”शी जुळतात. अमान्त गणनेत मात्र “प्रथम” अधिक जुळतो.’

बाबांना पाठवली. त्यांनी एकच वाक्य वाढवायला लावलं : ‘“प्रशम” ही अडचण सोडवण्यासाठी नंतर केलेली दुरुस्ती असावी, हा मल्लिनाथाचा आक्षेप खोडून काढता येत नाही.’ मी ते गाळलं होतं. जागा नव्हती म्हणून, असं मी त्यांना सांगितलं.

प्रकाशकाला टिपा पुस्तकाच्या शेवटी हव्या होत्या. बाकीच्या गेल्या. ही एक पानाखालीच ठेवायला मी भांडले, कारण ‘शेवटच्या’ हा शब्द वाचून अर्धा महाराष्ट्र छपाईची चूक समजेल.

यंदाही प्रतिपदेला ग्रुपवर व्हॉइस नोट आली. ‘प्रथमदिवसे’च. मी अंगठा दिला. गुरुपौर्णिमेला संध्याकाळी आणखी एक आली, फक्त मला. तोच श्लोक, मागे पावसाचा आवाज. या वेळी त्यांनी ‘प्रशम’ म्हटलं होतं. थ सवयीने तोंडात आला असणार, कारण त्या शब्दाच्या आधी ते क्षणभर थांबले होते.