वापशाची वही

पिंगळीच्या एका शेतकरी गटाकडे ट्रॅक्टर आणि बीबीएफ पेरणी यंत्र आहे. रुंद वरंबा काढत सोयाबीन पेरणारं हे यंत्र गावकरी एकरी भाड्यानं नेतात. नोंद वहीत व्हायची आणि आपला नंबर कधी, हे विचारायला दिवसभर फोन यायचे. परभणीत छोट्या संस्थांसाठी प्रणाली लिहिणं हा माझा व्यवसाय. तरी मी त्यांना तयार बुकिंग प्लॅटफॉर्मच घ्यायला सांगितलं. दवाखान्याला किंवा मंगल कार्यालयाला मी आजही तेच सांगेन. पैसे घेणं, संदेश पाठवणं, एका वेळेवर दोन नोंदी होऊ न देणं हे तिथं तयार मिळतं.

जूनमधल्या मोठ्या पावसानं माझी चूक दाखवली. काळ्या रानात वापसा यायला तीन-चार दिवस लागतात, तोवर यंत्र आत शिरत नाही. त्या दिवसांच्या नोंदी रद्द झाल्या आणि प्रत्येकाला नवी वेळ निवडायचा संदेश गेला. ज्यांच्या घरी कॉलेजातली पोरं होती त्यांनी पुढच्या तारखा पटापट घेतल्या. पहिल्या नंबरचे आजोबा सर्वांत मागे गेले.

"सर, आमच्यात टाइम नसतो, नंबर असतो," गटप्रमुख म्हणाले.

प्लॅटफॉर्म तारीख साठवतो आणि क्रम तिच्यावरून लावतो. इथं क्रम साठवायला हवा होता, तारीख त्यातून निघाली असती. रंग, सूचना, भाषा बदलता येत होती, पण हे उलटवायची सोय तिथं नव्हती. मग स्वतंत्र प्रणाली लिहायची का? एका यंत्रासाठी मला ते पटेना, कारण माझ्यानंतर ती दुरुस्त कोण करणार? मी गूगल शीट उघडलं. C मध्ये एकर, F1 मध्ये सुरुवातीची तारीख, H मध्ये वापसा नसलेले दिवस, आणि यंत्राचा अंदाज दिवसाला सात एकर:

```
=WORKDAY.INTL(F$1-1,
 ROUNDUP(SUM(C$2:C2)/7,0),
 "0000000", H$2:H$30)
```

पाच, चार आणि तीन एकरांचे तीन शेतकरी घ्या. बेरीज पाच, नऊ, बारा होते. पहिल्याचं काम पहिल्या दिवशी संपतं, उरलेल्या दोघांचं दुसऱ्या दिवशी. पाऊस झाला की H मध्ये तारखा लिहायच्या, सगळ्यांचे दिवस पुढे सरकतात आणि नंबर तसेच राहतात. काम झालेल्या ओळीतले एकर पुसून F1 मध्ये पुढची तारीख टाकायची.

हलकं, उताराचं रान मात्र आधी वापशावर येतं. ते सूत्राला कळत नाही. तेव्हा गटप्रमुख दोघांना विचारून त्यांच्या नावांची आणि एकरांची अदलाबदल करतात, आणि म्हणून शीटमध्ये लिहायचा अधिकार मी त्यांच्या एकट्याकडेच ठेवला आहे. बाकीचे फक्त पाहतात. भाडं ते यूपीआयवर घेतात.

आता गट दुसरं यंत्र घ्यायचं म्हणतोय. दोन यंत्रं, दोन चालक आणि एकच रांग या सूत्रात बसत नाही. पुढच्या मृगाआधी मला खरंच प्रणाली लिहावी लागेल, आणि तिच्या नोंदीत पहिला रकाना नंबरचा असेल.